पस्तीस हजारांची सवलत, जी कुणालाच दिसली नाही

2017 साली मी एका संस्थेला वार्षिक अहवालाचं काम पंचवीस हजारांत करून देते असं फोनवर सांगितलं. माझा नेहमीचा दर साठ हजार होता. ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. सांगणं मला कोतेपणाचं वाटलं. चांगलं काम करणारी माणसं आहेत, मदत करायची तर गाजावाजा कशाला, असं मनात होतं. त्या एका न बोललेल्या आकड्याने पुढची तीन वर्षं मला, त्या संस्थेला आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंना त्रास झाला. तो कसा झाला, हे जमेल तितकं खरं सांगायचं आहे.

मी पुण्यात ग्राफिक डिझाइनर म्हणून स्वतंत्रपणे काम करते. पुस्तकांची मांडणी, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, कधी एखाद्या नव्या उद्योगासाठी बोधचिन्ह. ही संस्था ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवते. आईबाप कारखान्याच्या हद्दीत कोयता घेऊन जातात, तेव्हा मुलं गावातच राहून शाळा शिकतात. मी एकदा तिथे मुक्काम केला होता. त्यामुळे अहवालासाठी फोन आला तेव्हा मी आकडेमोड केलीच नाही. तोंडाला पंचवीस हजार आले आणि तेच ठरले.

आकडेमोड केली असती तर ती अशी दिसली असती. चौसष्ट पानांचा अहवाल, म्हणजे सोळा पानी चार फर्मे. मांडणी, मुखपृष्ठ आणि आलेख मिळून माझे पासष्ट तास. माझा तासाचा दर तेव्हा आठशे रुपये, म्हणजे बावन्न हजार. मुद्रितशोधनाचे आठ हजार. एकूण साठ. मुद्रितशोधन मी स्वतः करत नाही. एक काकू करतात. निवृत्त शिक्षिका आहेत, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत त्यांच्याइतका खात्रीचा डोळा मी दुसरा पाहिलेला नाही. पंचवीस हजारांत आठ हजार त्यांना दिले तर मला फार थोडं उरतं, म्हणून मी त्यांना म्हटलं, “काकू, चांगल्या संस्थेचं काम आहे, या वेळी चार हजारांत कराल?” त्या हो म्हणाल्या. तीन वर्षं हो म्हणत राहिल्या.

माझ्या हाती एकवीस हजार राहिले. त्यात पासष्ट तासांचं काम एकशे अठरा तासांवर गेलं, कारण दुरुस्त्यांना मी काही मर्यादा घातली नव्हती. आधी कार्यकर्त्यांनी पानं पाहिली, मग अध्यक्षांनी, मग एका विश्वस्तांनी, ते परदेशातून परतल्यावर. फोटो बदलले, क्रम बदलला, जमाखर्चाचं पान लेखापरीक्षकांकडून शेवटी आलं. नऊ फेऱ्या झाल्या. पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईक असतं तर तिसऱ्या फेरीनंतर मी थांबवलं असतं. इथे मला बोलायचा संकोच वाटत होता. आधीच मदत करते आहे, आता नियम कुठे सांगू, असं. प्रत्यक्षात उलट हवं होतं. पैसे जितके कमी, तितकी कामाची कड पक्की हवी होती.

दर महिन्याला माझा जागेचा, सॉफ्टवेअरचा, विजेचा खर्च अठरा हजार होता आणि बिल करता येतील असे तास साधारण शंभर. म्हणजे तासाला एकशे ऐंशी रुपये नुसता खर्च. एकवीस हजार भागिले एकशे अठरा केलं की एकशे अठ्ठ्याहत्तर येतात. त्या कामावर मी माझ्या श्रमांचा एक रुपयाही घेतला नव्हता, शिवाय तासाला दोन रुपये पदरचे घातले होते. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, कारण तोवर या कामाचे तास मी लिहूनच ठेवत नव्हते. सवलतीच्या कामाचे तास काय मोजायचे, असं वाटायचं.

वेळही चुकीची होती. संस्थांचे हिशेब मार्चअखेर बंद होतात, लेखापरीक्षण होतं, आणि अहवालाचा मजकूर ऑगस्ट-सप्टेंबरात हातात येतो. नेमके तेच दिवस दिवाळी अंकांचे. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे नको म्हणावं लागेल इतकं पुऱ्या दराचं काम असतं. फेब्रुवारीत पासष्ट तास कमी दराने दिले तर माझे रिकामे तास भरतात. सप्टेंबरात दिले तर प्रत्येक तासाला आठशे रुपयांचं दुसरं काम परत पाठवावं लागतं. एकाच सवलतीची किंमत महिन्यागणिक वेगळी असते, हे व्यवसायाला दहा वर्षं होऊनही मी लक्षात घेतलं नव्हतं. परिणाम असा झाला, की दिवसा अंकांचं काम आणि रात्री अकरानंतर अहवाल. त्या अहवालात एका आलेखाचे दोन रकाने उलटसुलट छापले गेले. मुलींची संख्या मुलांच्या जागी. पाचशे प्रतींवर चिकटपट्ट्या लावाव्या लागल्या. त्या लावायला वसतिगृहाचे कार्यकर्ते बसले होते. स्वस्तात केलेलं काम मी थकून केलं होतं आणि त्याचा भुर्दंड त्यांनी सोसला.

चौथ्या वर्षी माझा दर साठ असल्याचं सांगून मी पंचावन्न हजार मागितले. संस्थेचे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, स्वतः भेटायला आले. मला वाटलं होतं घासाघीस होईल. त्यांनी पिशवीतून अंदाजपत्रकाचा कागद काढून समोर ठेवला. ‘अहवाल मांडणी’ या शीर्षापुढे सत्तावीस हजार होते.

“ताई, हे पैसे आमचे नाहीत,” ते म्हणाले. “एका कंपनीच्या सीएसआरमधून येतात. त्यांना आम्ही तीन वर्षांचं अंदाजपत्रक दिलं, तेव्हा तुमचंच जुनं बिल जोडलं होतं. पंचवीस हजार अधिक थोडी वाढ. तुमचा दर साठ आहे हे तेव्हा कळलं असतं, तर साठ लिहिले असते. त्यांनी दिले असते. आता शीर्ष मंजूर झालंय, मला त्यात फिरवाफिरव करता येत नाही.”

मी काहीच बोलले नाही. ते पुढे म्हणाले, “तुम्ही आम्हाला सवलत देताय हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

तीन वर्षं मी दर वर्षी पस्तीस हजार सोडत होते आणि ते वसतिगृहातल्या एकाही मुलापर्यंत पोचत नव्हते. ते एका मोठ्या कंपनीचे वाचत होते. त्याहून वाईट म्हणजे माझ्या कमी आकड्याच्या बिलाने संस्थेचं अंदाजपत्रकच खोटं झालं होतं. मी आजारी पडले असते आणि त्यांना दुसरा डिझाइनर शोधावा लागला असता, तर सत्तावीस हजारांत कुणी मिळालं नसतं. पैसे देणाऱ्यांपुढे त्यांना खर्च दुपटीने का वाढला याचा खुलासा करत बसावं लागलं असतं.

त्या दिवसापासून सवलत मागणाऱ्या प्रत्येक संस्थेला मी पहिला प्रश्न हा विचारते, की या कामाचे पैसे कुठल्या शीर्षातून येणार आहेत. प्रकल्पाच्या मंजूर निधीत दस्तऐवजीकरणाची तरतूद असेल, तर पूर्ण दर. त्यात संकोच नाही. ते पैसे त्याच कामासाठी आलेले असतात आणि न वापरले तर बहुधा परत जातात किंवा पुढच्या वर्षी कापले जातात. पैसे सभासदांच्या वर्गणीतून किंवा किरकोळ देणग्यांतून येणार असतील, तर सवलतीचा विचार करायचा, कारण तिथे वाचलेला रुपया खरोखर संस्थेकडेच राहतो. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मी मागून घेते. यात अविश्वास नसतो. अहवालाची चार पानं वाचली की पैसे कुठून येतात ते दिसतं, आणि तोंडी विचारलेल्या प्रश्नांनी येणारं अवघडलेपण टळतं.

दुसरा बदल कागदावरचा. आता माझ्या कोटेशनमध्ये हे असं लिहिलेलं असतं:

“चौसष्ट पानी वार्षिक अहवाल: मांडणी, मुखपृष्ठ व आलेख 52,000 रुपये. मुद्रितशोधन 8,000 रुपये. पूर्ण दर 60,000 रुपये. सवलत, फक्त माझ्या कामावर, 18,000 रुपये. देय रक्कम 42,000 रुपये. ही सवलत या एका अहवालापुरती आहे. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक करताना कृपया पूर्ण दर धरावा. संपूर्ण मजकूर 15 जुलैपर्यंत मिळाल्यास सवलत लागू राहील. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या अंतर्भूत आहेत, पुढील प्रत्येक फेरीस 2,500 रुपये. अहवालाचा खर्च देणगीदाराच्या मंजूर निधीतून होणार असल्यास पूर्ण दर लागू होईल.”

हेच मी बिलातही लिहिते. कोटेशनमध्ये साठ आणि बिलात नुसते बेचाळीस असं केलं, तर वर्षभराने फाइल उघडणाऱ्या नव्या हिशेबनिसाला फक्त बेचाळीस दिसतात. बिलच फाइलला लागतं, कोटेशन हरवतं. सवलत टक्क्यांत न लिहिता रुपयांत लिहिते, कारण ‘तीस टक्के’ हा आकडा तोंडोतोंडी पसरतो आणि पुढची संस्था त्याच्याच खाली बोलायला सुरुवात करते. अठरा हजार हा आकडा त्या कामापुरता राहतो. जीएसटी नोंदणी असलेल्यांना तर बिलावर सवलत दाखवण्यात थेट फायदा आहे. बिलातच दाखवलेली सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर कर लागतो. संस्थेला त्या अठरा टक्क्यांची वजावट बहुतेक वेळा मिळत नाही, त्यामुळे तो तिच्यासाठी निव्वळ खर्चच असतो.

‘फक्त माझ्या कामावर’ हे तीन शब्द काकूंमुळे आले. खजिनदारांची भेट झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि घडलेलं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दान तू केलंस, पण त्यातले पैसे माझे होते.” आवाज चढलेला नव्हता. मला मात्र त्या क्षणी कळलं, की त्यांना नाही म्हणायची सोयच मी ठेवली नव्हती. माझ्याकडून वर्षभर काम मिळतं, तर या एका कामाला नकार कसा द्यायचा, असं त्यांना वाटलं असणार. मी ते वाटू दिलं होतं. छपाई, कागद, फाँटचे परवाने, छायाचित्रकार, मुद्रितशोधक यांच्या पैशांना आता मी हात लावत नाही. त्यांना सवलत द्यायची असेल तर ती त्यांची त्यांनी, संस्थेला, त्यांच्या नावाने द्यावी.

एक वाट मला सुचवली गेली होती, तीही सांगते, कारण ती बऱ्याच जणांना सुचवली जाते. एका दुसऱ्या संस्थेतले गृहस्थ म्हणाले, “तुम्ही बिल साठचंच करा, आम्ही चेक देतो, तुम्ही अठरा हजार देणगी म्हणून परत द्या, आम्ही 80जीची पावती देऊ.” ऐकायला सगळ्यांच्या सोयीचं वाटलं. माझ्या सीएंनी दोन गोष्टी समजावल्या. एक, नुसती सवलत ही कराच्या हिशेबात देणगी नसते. 80जीची वजावट पैशाने दिलेल्या देणगीवर असते, वस्तू किंवा सेवा दिल्याबद्दल नाही. आणि बिल साठचं केलं की साठही माझं उत्पन्न. त्यावरच टीडीएस कापला जाणार, देणगीची वजावट बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्म्या रकमेचीच, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर तीही नाही. दुसरी गोष्ट त्यांनी जास्त गंभीरपणे सांगितली. ते साठ हजार एखाद्या देणगीदाराच्या प्रकल्प निधीतून गेले असतील आणि त्यातले अठरा आधी ठरवून संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात परत आले, तर देणगीदाराला दाखवलेला खर्च खोटा ठरतो. त्या चक्रात माझं बिल हा पुरावा असतो. मी नाही म्हटलं. देणगी द्यायची तर मी वेगळी देते, कामाशी त्याचा संबंध ठेवत नाही.

आता विद्यार्थ्यांची गोष्ट. तिथे माझी चूक वेगळी होती.

2019 साली अभियांत्रिकीची तीन मुलं आली. दूध संकलन केंद्रावर कॅनमधल्या दुधाचं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र त्यांनी बनवलं होतं. बोधचिन्ह, यंत्रावरचं लेबल आणि एक माहितीपत्रक हवं होतं. माझ्या दराने चाळीस हजार. त्यांनी खिशातले मिळून आठ हजार आणले होते. मी घेतले आणि म्हटलं, “तुमचं चालायला लागलं की बाकीचं बघू.” हे वाक्य मी मनापासून बोलले होते. पण ‘चालायला लागलं’ म्हणजे काय? दोन वर्षांनी त्यांना अनुदान मिळालं, तेव्हा माझ्या मते चालायला लागलं होतं. त्यांच्या मते अजून एकही केंद्र पैसे देऊन यंत्र घेत नव्हतं, आणि अनुदानाचे पैसे प्रोटोटाइपच्या टप्प्यांना बांधलेले होते. मी बत्तीस हजारांची आठवण करून दिली. त्यांच्यातल्या मुलीने लिहिलं, “मॅडम, आम्ही तुमची मदत सगळ्यांना सांगतो. आम्हाला वाटलं होतं ती मदतच होती.” तोवर तिघांपैकी एकजण सोडून गेला होता आणि पैशांचं बोलणं मुख्यतः त्याच्याशीच झालं होतं. तिने फसवलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. उधारी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी मी एका वाक्यात मिसळल्या होत्या.

आता मी विद्यार्थ्यांशी आधी काम कमी करण्याबद्दल बोलते, दराबद्दल नंतर. पहिली पन्नास यंत्रं विकायला बोधचिन्हाची गरज नसते. नाव ठळक, वाचता येईल अशा अक्षरांत टाइप केलेलं आणि एक नीट लेबल पुरतं. ते काम पूर्ण दराने नऊ-दहा हजारांत होतं. चाळीस हजारांचं काम आठ हजारांत करण्यापेक्षा नऊ हजारांचं काम नऊ हजारांत करणं त्यांनाही परवडतं आणि मलाही. निम्मे विद्यार्थी इथेच समाधानाने जातात. संस्थांनाही मी हेच विचारते. चौसष्ट पानांऐवजी चोवीस पानं चालतील का? पुष्कळदा चालतात, आणि चोवीस पानी अहवाल जास्त वाचला जातो.

तरीही पूर्ण काम हवंच असेल, तर उधारी ही उधारी म्हणून लिहायची. पूर्ण दर 40,000 रुपये. आत्ता 16,000. उरलेले 24,000 केव्हा, तर अनुदान, बक्षीस, गुंतवणूक किंवा विक्री यांतून एकूण पाच लाख रुपये जमा झाल्यापासून साठ दिवसांत. ‘यश’, ‘चालायला लागणं’ असले शब्द त्यात नसतात. बँकेच्या खातेपुस्तकात दिसेल अशीच अट असते. दोन वर्षांत तो आकडा गाठला नाही, तर बाकी रक्कम माफ, हेही त्याच कागदावर. नाहीतर बंद पडलेल्या उद्योगाचं ओझं त्या मुलांच्या डोक्यावर आणि माझ्या वहीत उगाच राहतं. बहुधा कंपनी तेव्हा स्थापन झालेली नसते, म्हणून सगळेच स्वतःच्या नावाने सही करतात आणि कंपनी झाल्यावर ही देणी तिच्याकडे जातील असं एक वाक्य घालतो.

हक्कांबद्दलही लिहावं लागतं. स्वतंत्र डिझाइनरने केलेल्या बोधचिन्हाचे हक्क पैसे दिले म्हणून आपोआप गिऱ्हाइकाकडे जात नाहीत. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी द्यावे लागतात, आणि किती काळासाठी ते लिहिलं नाही तर पाच वर्षंच धरली जातात. मी लिहिते की पहिल्या रकमेवर वापराची परवानगी, आणि पूर्ण रक्कम मिळाल्यावर किंवा बाकी माफ झाल्यावर हक्क संपूर्ण काळासाठी त्यांचे. मुलांना अडकवायला हे लिहीत नाही. गुंतवणूकदार आले की बोधचिन्ह कोणाच्या मालकीचं आहे हे ते विचारतातच, तेव्हा दाखवायला त्यांच्याकडे कागद असतो.

हे सगळं असूनही दर महिन्याला कुणीतरी सवलत मागतं आणि प्रत्येकाचं काम खरंच चांगलं असतं. समोरच्या माणसाकडे बघून ठरवायचं म्हटलं तर मी आजही पंचवीस हजार म्हणेन, हे मला माहीत आहे. म्हणून एप्रिलमध्ये, कुणीही समोर नसताना, वर्षाची सवलतीची रक्कम वहीत लिहिते. गेली काही वर्षं ती साठ हजार आहे. आठशेच्या दराने हे पंचाहत्तर तास, माझ्या वर्षभराच्या तासांपैकी सुमारे सहा टक्के. दिलेली प्रत्येक सवलत त्यातून वजा होते. रक्कम संपली की उरलेल्यांना मी सांगते, “यंदाची सवलत संपली आहे, पूर्ण दराने करता येईल, किंवा एप्रिलमध्ये पुन्हा विचारा.” हे उत्तर देणं पहिल्या वर्षी जड गेलं. पण आजवर कुणीही रागावलेलं नाही. मला आधी वाटायचं की नकार दुखावतो. त्यांना जास्त त्रास होतो तो हो म्हणून उशीर करणाऱ्यांचा.

वसतिगृहाच्या संस्थेचं काम मी अजून करते. त्यांचं तीन वर्षांचं अंदाजपत्रक संपेपर्यंत मी सत्तावीस हजारांतच केलं, कारण ती चूक माझी होती. फक्त पानं बत्तीस केली, बिलावर पूर्ण दर लिहिला आणि मजकूर जूनमध्ये मागून घेतला. नव्या अंदाजपत्रकात खजिनदारांनी ‘मांडणी’ आणि ‘मुद्रितशोधन’ अशी दोन वेगळी शीर्षं केली. काकूंचे तीन वर्षांचे बारा हजार राहिले होते. ते मी, खजिनदार भेटून गेले, त्याच वर्षीच्या दिवाळीत दिले.